घर तुमचं, पण ते कोर्टाकडून जाहीर करून घ्यायला फी किती? मालकी आणि मनाई हुकुमाच्या दाव्यातलं कोर्ट फीचं गणित

घराचा वाद कोर्टात न्यायचा ठरला की पहिला प्रश्न असतो, "वकील किती घेणार?" त्यानंतर काही दिवसांनी वकिलांकडून दुसराच प्रश्न येतो. "मिळकतीची किंमत किती धरायची?" इथे बरेच जण गडबडतात. आपल्याला घर विकायचं नाहीये, कुणाकडून पैसेही मागायचे नाहीत. ते आपलं आहे एवढं कोर्टाने सांगावं आणि समोरच्याला अडवावं, इतकीच मागणी आहे. मग किंमत कशाला?

दिवाणी दाव्यात या किमतीवर दोन गोष्टी ठरतात. सरकारला कोर्ट फी किती भरायची ही पहिली, आणि दावा कोणत्या कोर्टात चालणार ही दुसरी. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात लिहिले जातात, त्यामुळे ते एकच आहेत असं वाटतं. त्यांची गल्लत झाली की दावा चुकीच्या कोर्टात पोहोचतो आणि काही महिन्यांनी "योग्य न्यायालयात दाखल करा" असा शेरा घेऊन परत येतो.

हे गणित एका उदाहरणातून समजून घेऊ. उदाहरण महाराष्ट्रातलं आहे, कारण कोर्ट फी हा राज्याराज्यात बदलणारा विषय आहे.

आधी प्रसंग समजून घ्या

एका तालुक्याच्या गावात काकांचं घर आहे. २००४ साली त्यांनी ते नोंदणीकृत खरेदीखताने घेतलं आणि तेव्हापासून ते तिथेच राहतात. आता पुतण्याचं म्हणणं आहे की घर आजोबांच्या पैशातून घेतलं होतं, म्हणून ते एकत्र कुटुंबाचं आहे. त्याने नगरपरिषदेच्या घरपट्टीच्या नोंदीत आपलंही नाव लावून घेतलं. एके दिवशी मागच्या मोकळ्या जागेत वाळू आणि विटा येऊन पडल्या.

काकांना कोर्टाकडून दोन गोष्टी हव्या आहेत. घराचे मालक आपणच आहोत हे कोर्टाने जाहीर करावं, आणि पुतण्याला बांधकामापासून व अडथळा आणण्यापासून कायमचं रोखावं. पहिल्या मागणीला मालकी जाहीर करून मागणं म्हणतात आणि दुसरीला कायम मनाई हुकूम.

मालकी जाहीर करून मागायची गरजच आहे का?

फीचं गणित इथूनच सुरू होतं, कारण फी ठरते ती मागण्यांवरून. दावापत्राच्या शेवटी 'विनंती' या मथळ्याखाली जे लिहिलेलं असतं, त्यावर फी बसते.

मग नुसता मनाई हुकूम मागून भागणार नाही का? त्या दाव्याला फी फारच कमी लागते. ज्या मागणीची पैशात किंमत करता येत नाही, तिच्यासाठी कायद्याने एक छोटं ठोक मूल्य धरलेलं आहे. नुसत्या मनाईचे दावे बहुतेक वेळा त्या ठोक मूल्यावरच दाखल होतात.

नुसती मनाई केव्हा पुरते याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अनाथुला सुधाकर विरुद्ध पी. बुची रेड्डी या निकालात दिलं आहे. त्याचा सारांश तीन परिस्थितींत सांगता येतो.

ताबा तुमचा आहे, मालकीवर कुणी गंभीर शंका घेतलेली नाही, समोरचा फक्त त्रास देतोय. अशा वेळी नुसता मनाई हुकूम पुरतो.

ताबा तुमचाच आहे, पण समोरचा काही कागद किंवा नोंद दाखवून तुमच्या मालकीवरच प्रश्न उभा करतोय. अशा वेळी मालकी जाहीर करून मागायची आणि जोडीला मनाईही मागायची.

मालकीवर शंका आहे आणि ताबाही तुमच्याकडे नाही. मग मालकी जाहीर करणं, ताबा परत मिळणं आणि गरज असेल तर मनाई, हे सगळंच मागावं लागतं.

काकांचा प्रसंग दुसऱ्या प्रकारात बसतो. घरपट्टीच्या नोंदीने कुणी मालक होत नाही हे खरं आहे. पण पुतण्या नुसतं नाव लावून थांबलेला नाही, घर एकत्र कुटुंबाचं असल्याचा त्याचा दावा आहे. म्हणजे वाद सरळ मालकीचाच आहे. नुसत्या मनाईच्या दाव्यात कोर्ट म्हणू शकतं की मालकीचा असा गुंतागुंतीचा प्रश्न इथे सुटणार नाही, आधी मालकी जाहीर करून घ्या. तसं झालं तर फी वाचते, पण काही वर्षं वाया जातात.

पाव, अर्धी की पूर्ण?

महाराष्ट्रात लागू असलेला कायदा १९५९ चा आहे. त्याचं जुनं नाव मुंबई न्यायालय फी अधिनियम, आता तो महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम ६ मध्ये कोणत्या दाव्याला फी कशी मोजायची हे दिलेलं आहे. चौथा परिच्छेद जाहीर करून मागण्याच्या दाव्यांचा आहे आणि त्यातला 'डी' उपखंड स्थावर मिळकतीच्या मालकीचा किंवा हक्काचा. काकांचा दावा या उपखंडात येतो.

उपखंडाची रचना सोपी आहे. याच मिळकतीचा ताबा मालकीच्या जोरावर मागितला असता तर जी फी लागली असती, ती 'पूर्ण फी' समजायची. त्यानंतर तीन पायऱ्या येतात.

• फक्त मालकी जाहीर करून मागितली, तर पूर्ण फीचा पाव हिस्सा.
• त्यासोबत ताबा सोडून दुसरी आनुषंगिक मागणी केली, म्हणजे उदाहरणार्थ मनाई हुकूम, तर पूर्ण फीच्या निम्मी.
• ताबाही मागितला, तर पूर्ण फी.

'आनुषंगिक' म्हणजे मूळ मागणीला धरून येणारी. घर काकांचं ठरलं तरच पुतण्याला अडवण्याला अर्थ आहे, म्हणून इथली मनाई आनुषंगिक ठरते. काकांच्या दाव्याला त्यामुळे निम्मी फी लागेल.

आता शब्दांकडे नीट पाहा. कायदा निम्मी *फी* म्हणतो. निम्म्या *किमतीवरची* फी असं तो म्हणत नाही. लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि तिच्यामुळे होणारी चूक पुढे आकड्यांत दिसेल.

मिळकतीची किंमत कशी काढायची?

पूर्ण फी काढण्यासाठी आधी मिळकतीची किंमत लागते. घरासाठी हा आकडा म्हणजे बाजारमूल्य, आणि तेही दावा दाखल करतानाचं. २००४ च्या खरेदीखतात लिहिलेली किंमत आज चालत नाही. जुन्या कागदावरचा छोटा आकडा उचलून दावापत्रात लिहिणं ही नेहमीची चूक आहे आणि समोरचा वकील ती पहिल्याच तारखेला पकडतो.

बाजारमूल्याला आधार म्हणून बहुतेक जण नोंदणी विभागाचा वार्षिक दर तक्ता, म्हणजे आपला रेडी रेकनर, वापरतात. तो मुळात मुद्रांक शुल्कासाठी बनतो. त्यामुळे त्यातला दर हा कोर्टापुढचा अंतिम शब्द नसतो. तरी किंमत हवेतून काढलेली नाही हे दाखवायला त्याचा उपयोग होतो, म्हणून त्या भागाच्या दराची प्रत दाव्यासोबत जोडलेली बरी.

आता काकांचा हिशेब करू. खालचे दर फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत.

जागा ९० चौरस मीटर, दर चौरस मीटरला ६,००० रुपये. जमिनीची किंमत ५,४०,००० रुपये.
बांधकाम ६० चौरस मीटर, जुनं असल्याने घसारा वजा करून दर ५,००० रुपये. बांधकामाची किंमत ३,००,००० रुपये.
एकूण बाजारमूल्य ८,४०,००० रुपये.

शेतजमिनीचं गणित वेगळं आहे. शासनाला पूर्ण आकार भरणाऱ्या जमिनीची किंमत बाजारभावाने धरत नाहीत. सातबाऱ्यावरच्या आकाराला कायद्यात दिलेल्या पटीने गुणतात. म्हणून लाखोंच्या शेताच्या दाव्यातली किंमत कधी कधी चार आकडी दिसते आणि ती बरोबर असते. तेच गणित घराला लावणं मात्र चूक आहे.

आता फीचा आकडा

किंमत हातात आली की कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला तक्ता उघडायचा. त्यात किमतीचे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला वेगळा दर. किमतीच्या प्रमाणात वाढणाऱ्या या फीला मूल्यानुसारी फी म्हणतात. हा तक्ता १६ जानेवारी २०१८ पासून बदलला आहे आणि फीची कमाल मर्यादा ३ लाखांवरून १० लाख रुपये झाली आहे. जुन्या पुस्तकातला किंवा फॉरवर्ड होत आलेला तक्ता म्हणूनच वापरू नका.

हिशेबासाठी असं धरू की ८,४०,००० रुपयांवर तक्त्याप्रमाणे पूर्ण फी २४,००० रुपये येते. हा आकडासुद्धा कल्पित आहे, पायऱ्या मात्र खऱ्या आहेत.

फक्त मालकी जाहीर करून मागितली असती तर पाव, म्हणजे ६,००० रुपये.
मालकी आणि मनाई मागितली तर निम्मी, म्हणजे १२,००० रुपये.
मालकी, ताबा आणि मनाई मागितली तर पूर्ण, म्हणजे २४,००० रुपये.

काका भरतील १२,००० रुपये. वकीलपत्राचा स्टॅम्प आणि समन्स काढण्याची फी वेगळी असते.

कोर्ट कोणतं? इथे सगळे घसरतात

मुंबई शहर सोडलं तर राज्यात मूळ दिवाणी दावे बहुतेक दोन पातळ्यांवर दाखल होतात. ५ लाख रुपयांपर्यंतच्या किमतीचा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे जातो आणि त्यावरचा वरिष्ठ स्तराकडे. मुंबईत नगर दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय अशी वेगळी विभागणी आहे.

काकांच्या दाव्याची किंमत किती लिहायची? काही जण असा विचार करतात. "फी निम्मी आहे, म्हणजे दाव्याची किंमतही निम्मी. ८,४०,००० चे निम्मे ४,२०,०००. पाच लाखांच्या आत आहे, म्हणजे कनिष्ठ स्तर."

इथेच चूक झाली.

कायद्याने सवलत फीमध्ये दिली आहे, किमतीत नाही. वादाचा विषय अख्खं घर आहे आणि घराची किंमत ८,४०,००० रुपयेच आहे. १८८७ च्या दावा मूल्यांकन कायद्याच्या कलम ८ चं तत्त्व असं की, मूल्यानुसारी फीच्या अशा दाव्यात फीसाठी धरलेलं मूल्य आणि अधिकारक्षेत्रासाठी धरलेलं मूल्य एकच असतं. फीचा तक्ता आपण ८,४०,००० च्या ओळीवर वाचला. म्हणून अधिकारक्षेत्राचं मूल्यही ८,४०,००० आणि कोर्ट वरिष्ठ स्तराचं.

आकडा आधी निम्मा केला तर फीसुद्धा चुकते. तक्त्यात टप्प्यागणिक दर बदलतो. त्यामुळे ४,२०,००० वरची फी आणि ८,४०,००० वरच्या फीचा निम्मा हे दोन वेगळे आकडे येतात. आधी पूर्ण किमतीवर फी काढायची आणि शेवटी तिचा हिस्सा करायचा. हा क्रम मोडला की दोन्ही आकडे बिघडतात.

दावापत्रात हे लिहायचं कसं?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम १ प्रमाणे दावापत्रात अधिकारक्षेत्राचं आणि कोर्ट फीचं मूल्य लिहावंच लागतं. काकांच्या दाव्यातला परिच्छेद साधारण असा असेल :

"दाव्याचे मूल्यांकन : दावा मिळकतीचे दावा दाखल करतेवेळचे बाजारमूल्य रु. ८,४०,०००/- आहे. त्याचा तपशील व दर तक्त्याची प्रत सोबत जोडली आहे. वादीने सदर मिळकतीची मालकी जाहीर करून व त्यास आनुषंगिक असा कायम मनाई हुकूम मागितला असून ताबा मागितलेला नाही. सबब महाराष्ट्र न्यायालय फी अधिनियमाच्या कलम ६, परिच्छेद चार, उपखंड डी अन्वये पूर्ण फीच्या निम्मी फी रु. १२,०००/- भरली आहे. अधिकारक्षेत्राकरिता दाव्याचे मूल्य रु. ८,४०,०००/- असून ते या न्यायालयाच्या अधिकारात आहे."

यात चार गोष्टी स्वतंत्र दिसतात. किंमत आणि ती कशी काढली, मागण्या कोणत्या, फी कोणत्या उपखंडाखाली, आणि अधिकारक्षेत्राचं मूल्य. कुणी तुमचा दावा लिहून दिला असेल तर या चार गोष्टी शोधा. "फीसाठी व अधिकारक्षेत्रासाठी दाव्याची किंमत रु. १,०००/- धरली आहे" अशी एकच ओळ सापडली आणि दावा घराच्या मालकीचा असेल, तर ते ठोक मूल्य इथे का लावलं हे वकिलांना जरूर विचारा.

ताबा न मागता फी वाचवली तर?

आता प्रसंग थोडा बदलू. पुतण्या विटा टाकून थांबला नाही. त्याने मागच्या खोलीचं कुलूप तोडलं आणि सामान आत नेलं. ती खोली आता त्याच्या ताब्यात आहे. ताबा मागितला तर त्या भागासाठी निम्म्याऐवजी पूर्ण फी भरावी लागेल. मग काहींना युक्ती सुचते. "मालकी जाहीर करून घेऊ आणि मनाई मागू. मालक ठरलो की तो आपोआप निघेल."

तो आपोआप निघत नाही, आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ मध्ये अशी अट आहे की, जाहीर करण्यापलीकडची मागणी करणं वादीला शक्य असूनही त्याने ती केली नाही, तर कोर्ट नुसतं जाहीरही करणार नाही. खोली पुतण्याच्या ताब्यात आहे, म्हणजे ताबा मागणं शक्य होतं. न मागितल्यामुळे मालकीची मागणीच फेटाळली जाऊ शकते. काही हजारांची फी वाचवताना अख्खा दावा गमवायची वेळ येते.

मागणीचे शब्द फिरवूनही सुटका होत नाही. शमशेर सिंग विरुद्ध राजिंदर प्रसाद या १९७३ च्या प्रकरणात, वडिलांनी केलेलं गहाण आपल्यावर बंधनकारक नाही एवढंच जाहीर करून मागितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने शब्दांच्या मागचं सार पाहिलं. ही मागणी प्रत्यक्षात आनुषंगिक मागणीसह आहे असं ठरवलं आणि फीही त्याप्रमाणे लागेल असं सांगितलं.

दावा चालू असताना ताबा गेला तर दावापत्रात दुरुस्ती करून ताब्याची मागणी वाढवता येते. मग आधी भरलेली फी धरून फक्त फरक भरायचा.

खरेदीखत रद्दबातल ठरवून मागायचं असेल तर?

समजा पुतण्याने या घराचं खरेदीखत परस्पर तिसऱ्याच माणसाला करून दिलं. आता काकांना ते खरेदीखत निरर्थक आहे असंही जाहीर करून हवं आहे. मिळकतीची विक्री किंवा विक्रीचा करार निरर्थक ठरवून मागण्यासाठी त्याच परिच्छेदात 'एच-ए' हा वेगळा उपखंड आहे. त्यात मिळकतीच्या किमतीवरच्या पूर्ण फीच्या निम्मी फी सांगितली आहे.

इथे इंटरनेटवरचे मसुदे दिशाभूल करतात. सुहृद सिंग विरुद्ध रणधीर सिंग या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एक फरक स्पष्ट केला. दस्तावर ज्याची सही आहे त्याने तो रद्द करून मागायचा आणि दस्तातल्या रकमेवर फी भरायची. ज्याची सही नाही आणि ताबाही त्याच्याकडेच आहे, त्याने दस्त आपल्यावर बंधनकारक नाही एवढं जाहीर करून मागायचं आणि ठरावीक छोटी फी भरायची. हा निकाल खूप शेअर होतो. पण त्यातली फी १८७० च्या केंद्रीय कायद्याखालची होती. कुणाला कोणती मागणी करावी लागते हा भाग महाराष्ट्रातही उपयोगी आहे. फी मात्र आपल्या कायद्यातल्या उपखंडाप्रमाणेच मोजायची.

दिल्ली किंवा पंजाबचा मसुदा उचलण्यातला दुसरा धोकाही असाच आहे. केंद्रीय कायद्यात जाहीर करणं आणि आनुषंगिक मागणी अशा दाव्यात वादी मागणीचं मूल्य स्वतः ठरवून लिहितो. तिथे "मी या मागणीचं मूल्य इतकं धरतो" असं वाक्य दिसेल. आपल्याकडे घराच्या मालकीच्या दाव्यात फी थेट मिळकतीच्या किमतीला बांधलेली आहे.

महिलांना फी माफ, पण किंमत लिहावीच लागते

काकांऐवजी आत्या वादी असती तर? राज्य शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महिलांना पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकारच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. आत्याने दावापत्रात या अधिसूचनेचा उल्लेख करून माफी मागायची.

पण माफी फक्त फीला आहे. कोर्ट कोणतं हे किमतीवरच ठरणार, म्हणून ८,४०,००० हा आकडा आणि तो कसा काढला हे आत्यालाही लिहावं लागेल. "फी नाहीच, मग किंमत कशाला" म्हणून हा परिच्छेद गाळला किंवा काहीतरी आकडा टाकला, तर दावा चुकीच्या कोर्टात जाण्याचा धोका तेवढाच राहतो.

चूक झालीच तर काय होतं?

चूक फक्त फीची असेल तर ती सुधारता येते. दावा दाखल होताना कार्यालयीन हरकत निघते किंवा पुढे कोर्टच किमतीची चौकशी करतं. कोर्ट आधी मुदत देतं. मुदतीत किंमत सुधारली नाही किंवा फरक भरला नाही, तर आदेश ७, नियम ११ खाली दावापत्र नामंजूर होतं. वेळेत भरला तर संहितेच्या कलम १४९ मुळे फी सुरुवातीलाच भरली होती असं धरलं जातं. खरा तोटा दिवसांचा असतो. हरकत निघेपर्यंत आणि दूर होईपर्यंत तातडीच्या मनाईचा अर्ज रखडतो आणि मागच्या जागेत भिंत उभी राहते.

चूक कोर्टाची असेल तर आदेश ७, नियम १० प्रमाणे दावापत्र परत मिळतं आणि योग्य कोर्टात दाखल करावं लागतं. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे आणि काळजीपूर्वक घालवलेला वेळ मुदतीच्या हिशेबातून वगळून मागता येतो. पण आधी मिळालेल्या तात्पुरत्या मनाईवर विसंबून राहता येत नाही. नव्या कोर्टात ती पुन्हा मागावी लागते.

आणि तुम्ही प्रतिवादी असाल तर? समोरच्याने फी कमी भरली म्हणून त्याचा दावा पाडता येईल, या भरवशावर राहू नका. कोर्ट फी हा मुख्यतः वादी आणि सरकार यांच्यातला विषय आहे, प्रतिवादीचं ते हत्यार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली रत्नवर्मराजा विरुद्ध विमला या निकालात म्हटलं आहे. किमतीमुळे कोर्टाचा अधिकारच बदलत असेल तर मात्र हरकत जरूर घ्या, आणि ती सुरुवातीलाच घ्या. निकाल विरुद्ध गेल्यावर अपिलात पहिल्यांदाच हा मुद्दा काढला तर सहसा ऐकला जात नाही. आधी हरकत घेतली होती आणि चुकीच्या किमतीमुळे खरंच नुकसान झालं, हे दोन्ही दाखवावं लागतं.

दाखल करण्याआधी एवढं पाहा

१. आज ताबा कुणाकडे आहे? संपूर्ण मिळकतीचा की काही भागाचा?
२. मालकीवर कुणी कागद, नोंद किंवा हक्क दाखवून शंका घेतली आहे का?
३. या दोन उत्तरांवरून मागण्या ठरवा. फी किती बसेल ते आधी पाहून मागण्या ठरवू नका.
४. घराची आजची किंमत काढा आणि आधाराचा कागद जोडा.
५. पूर्ण किमतीवर सध्याच्या तक्त्याने पूर्ण फी काढा आणि मग तिचा पाव, निम्मा किंवा पूर्ण हिस्सा घ्या.
६. अधिकारक्षेत्राच्या रकान्यात पूर्ण किंमत लिहिली आहे ना, हे शेवटी एकदा तपासा.

काकांच्या दाव्यात म्हणून दोन आकडे दिसतील. फी १२,००० आणि किंमत ८,४०,०००. पहिला आकडा निम्मा करून आलेला आहे. दुसऱ्याला कुणी हात लावायचा नाही.